बांगडा थोडे दिवस बाजूला ठेवा

*ताई, नमस्कार. माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. स्तनाच्या कॅन्सरसाठी दर २१ दिवसांनी कोल्हापूरला केमो चालू आहे, लाल रंगाचं औषध देतात. दोन झाल्या, तिसरी पुढच्या आठवड्यात. भाताची वाफ आली तरी त्यांना मळमळतं, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं म्हणतात. माशाशिवाय कधी जेवल्या नाहीत. म्हणून केमोच्या आदल्या रात्री मुद्दाम बांगड्याचं तिखलं केलं होतं, आता बांगड्याचं नाव काढलं तरी तोंड फिरवतात. ५२ किलो होत्या, ४८ झाल्या. मी दिवसभर नुसती पेज देते. शेजारच्या काकू म्हणतात साखर आणि दूध बंद कर, त्यानं गाठ वाढते. त्यांना काय खायला देऊ? — एक सून, देवगड तालुका*

नमस्कार. तुम्ही प्रेमानं केलेल्या तिखल्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे.

तुमच्या हातचं तिखलं बिघडलं नव्हतं आणि बांगड्यानं त्यांना काही केलं नाही. उलटी-मळमळ आणली ती औषधानं. पण आपला मेंदू पोटाच्या बाबतीत फार भाबडा असतो. मळमळीच्या आधी जे शेवटचं ठसठशीत चवीचं आणि वासाचं खाल्लं, त्याच्यावर तो सगळा आळ घेतो, आणि ते पुन्हा समोर आलं की आतून ढवळायला लावतो. केमोच्या रुग्णांमध्ये हे इतकं नेहमीचं आहे, की माझ्याकडे येणाऱ्या घरच्यांना मी पहिली सूचना हीच देते: आवडीचा पदार्थ केमोच्या आदल्या दिवसापासून पुढचे चार दिवस करायचा नाही. आवडीचं खाणं चांगल्या दिवसांसाठी राखून ठेवायचं. वाईट दिवसांत खायचं ते साधं, बिनवासाचं, ज्याच्यावर राग धरला तरी चालेल असं.

यावर एक छोटी युक्तीही आहे. लहान मुलांमध्ये तिचा अभ्यास झालेला आहे, मोठ्यांनाही करून बघायला हरकत नाही. केमोच्या थोडं आधी एखादी परक्या, तीव्र चवीची गोळी चघळायला द्यायची, म्हणजे मेंदूचा आळ तिच्यावर जातो आणि जेवणातले पदार्थ वाचतात. घरात एरवी कोणी खात नाही अशी एखादी गोळी दुकानातून घ्या. आमसुलाची नको, आमसूल आपल्याला पुढे कामाला यायचंय.

बांगडा आता निदान दोन महिने त्यांच्यासमोर आणू नका. घरात इतरांसाठीही पहिला आठवडाभर मासे तळू नका, सुकट भाजू नका. शेजारी भाजत असतील तर काकूंना सरळ सांगा, त्या ऐकतील.

आता २१ दिवसांकडे बघू. तुम्ही रोज एकच पेज देताय, पण त्यांचं शरीर रोज एकसारखं नाही. केमोचा दिवस पहिला धरला, तर या औषधाची मळमळ साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते. सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत मळमळ ओसरते, पण पांढऱ्या पेशी कमी होतात आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. पंधराव्या दिवसानंतर तोंडाची चव हळूहळू परत येऊ लागते. जिभेवरच्या चवीच्या पेशी दर दहा-बारा दिवसांनी नव्यानं तयार होतात. केमो झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाला घालते, म्हणून त्याही मरतात आणि मग पुन्हा उगवतात. तीन आठवड्यांचं जेवण तीन तऱ्हांचं हवं ते यामुळे.

पहिल्या पाच दिवसांचा खरा शत्रू वास आहे, आणि वास वाफेबरोबर येतो. भात शिजताना कुकरची शिट्टी सुटते तेव्हा त्यांना पडवीत किंवा मागच्या दारी, वारा असेल तिथे बसवा. पातेल्याचं झाकण त्यांच्यासमोर काढू नका, स्वयंपाकघरातच काढा, वाफ जाऊ द्या, आणि अन्न कोमट किंवा पूर्ण गार झाल्यावरच पुढे न्या. तुम्ही गरमगरम पेज नेत असाल, कारण आजारी माणसाला गरम द्यायचं हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. इथे मात्र गार अन्न जास्त पोटात राहतं. (आतड्याच्या कॅन्सरसाठी ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं औषध चालू असलेल्या रुग्णांना थंड पदार्थानं घशात आणि बोटांत झिणझिण्या येतात, त्यांना थंड देऊ नये. सासूबाईंचं लाल औषध वेगळं आहे. पण हे पत्र वाचून दुसऱ्या कोणाला सल्ला द्याल तेव्हा औषधाचं नाव आधी विचारा.)

लोखंडी चवीसाठी स्टीलचा पेला आणि चमचा बाजूला ठेवा. काचेची वाटी, लाकडी किंवा करवंटीचा चमचा वापरा. पाणी मातीच्या मडक्यातलं, उकळून गार केलेलं, त्यात लिंबाची एक चकती. खाण्याच्या आधी दरवेळी तोंड धुवायचं: एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ, चूळ भरून थुंकायची, गिळायची नाही. एवढ्यानं जिभेवरचा तो बुळबुळीत थर जातो आणि पहिले चार घास तरी नीट लागतात. चारच घास नीट जातील अशा दिवशी ते चार घास कामाचे असले पाहिजेत.

म्हणून आता पेजेबद्दल.

पेज चांगलीच आहे. पचायला हलकी, वास कमी, आणि उकड्या तांदळाची असेल तर पोटाला धरून राहते. पण हिशेब बघा. ४८ किलोच्या बाईला या काळात दिवसाला साधारण १३०० कॅलरी आणि ५५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. ४० ग्रॅम तांदळाची पेज केली, म्हणजे एक मोठी मूठ, तर तीत १४० कॅलरी आणि फक्त ३ ग्रॅम प्रथिनं असतात. दिवसातून तीनदा दिली तरी ९ ग्रॅम. वजन त्यातूनच उतरतंय, आणि दुःखाची गोष्ट ही की उतरतंय त्यात चरबीबरोबर दंड-मांड्यांचं मांसही आहे.

त्याच पेजेत जोर आणायचा, आकार वाढवायचा नाही. तीच एक मूठ उकडा तांदूळ, बरोबर अर्धी मूठ मूगडाळ कोरडीच हलकी भाजून घेतलेली, दोन्ही भिजवून भरपूर पाण्यात पार विरघळेपर्यंत शिजवा. रवीनं घोटा. कोमट झाली की दोन मोठे चमचे दुधाची पावडर थोड्या पाण्यात कालवून तीत मिसळा. उकळत्या पेजेत टाकलीत तर गुठळ्या होतात. वरून लहान चमचाभर साजूक तूप, पण ते मळमळ कमी असेल त्या दिवशीच, कारण तुपकट पदार्थ पोटात जास्त वेळ बसतो आणि तोंडाशी येतो. एवढ्यानं तीच पेज सव्वातीनशे कॅलरींच्या आसपास जाते आणि प्रथिनं १२ ग्रॅम होतात. त्या एका वेळी पूर्ण खाणार नाहीत. तीन भाग करा आणि दोन-दोन तासांनी अर्धी वाटी द्या. पेज झाकून थंड जागी ठेवा, शक्यतो फ्रिजमध्ये, आणि रात्रीची सकाळी देऊ नका. गोडाचं तोंड नसेल तर चिमूटभर मेतकूट घाला. जुलाब लागले तर मात्र दुधाची पावडर थांबवा, फक्त डाळीची द्या.

माझ्या आत्याची गोष्ट सांगते, वेंगुर्ल्याच्या बाजूची, तिलाही हीच लाल औषधाची केमो होती. तिसऱ्या दिवशी तिनं काय काय खाल्लं याची वही माझ्याकडे अजून आहे. सकाळी उठायच्या आधी, अंथरुणातच, तीन-चार चमचे कोरड्या साळीच्या लाह्या. रिकाम्या पोटी उठून चालायला लागलं की ढवळतं, म्हणून कोरडं काहीतरी आधी पोटात. मग उलटीची गोळी, आणि त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं जोराची पेज अर्धी वाटी. दहा वाजता अर्धं शहाळं, घोट-घोट करत तासभर. बारा वाजता पेज. दोन वाजता पूर्ण उकडून फ्रिजमध्ये गार केलेलं अंडं, त्यातलं तिनं अर्धंच खाल्लं. गरम अंड्याचा वास तिला सहन होत नव्हता, गाराला नव्हताच. चारला नाचणीच्या सत्त्वाची दुधातली खीर, गूळ कमी, किंचित मीठ घालून. सहाला पेज. रात्री दोन चमचे मऊ भात आणि वरणाचं पाणी. सगळं मिळून साधारण ७०० कॅलरी झाल्या असतील. लागणाऱ्यापेक्षा निम्म्याच, पण तिसऱ्या दिवशी निम्म्या म्हणजे मी त्याला चांगला दिवस म्हणते. दुपारी एकदा ती म्हणाली, "माका नको गो, जबरदस्ती करू नको." त्या वेळी वाटी उचलली, एक शब्द बोलले नाही, आणि दीड तासानं दुसरीच वाटी आणली. रुग्णाच्या समोर भरलेलं ताट ठेवून "एवढं तरी खा" म्हणत बसलं की त्या ताटाचीच शिसारी बसते.

त्या वहीत बघा, पाणी आणि जेवण कुठेही एकत्र नाही. खाताना पाणी प्यायलं की छोट्या झालेल्या भुकेची जागा पाण्यानंच भरते. खाण्याच्या अर्धा तास आधी किंवा नंतर प्यायला द्या. आणि खाल्ल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नका, अर्धा-पाऊण तास टेकून बसवा.

आमसुलाकडे येते. जिभेची चव मेली की आंबट सर्वांत शेवटी मरतं आणि सर्वांत आधी परत येतं, असं मला इतक्या वर्षांत दिसलंय. सोलकढी करा, पण मिरची आणि लसूण न घालता, पातळ, आमसूल भिजवून ताजी काढलेली, अर्धी वाटी. नारळाचं दूध आपल्या हवेत फार लवकर आंबतं, म्हणून केल्यावर तासाभरात संपवा, उरलेली फ्रिजमधूनही रात्री देऊ नका. पन्हं, कोकम सरबत चालेल. गोड पदार्थ फारच गोड लागतात अशी तक्रार असेल तर लिंबाचे चार थेंब किंवा मिठाची कणी टाका, गोडी खाली बसते. तोंडात छाले पडले की मात्र आंबट, तिखट, मीठ सगळं थांबवा. तेव्हा दुधातला मऊ भात, केळं कुस्करून, गार खीर. छाल्यांवर लावायचं औषधही डॉक्टरांकडून लगेच घ्या, वाट बघू नका.

थोडं आलं मळमळीवर उपयोगी पडतं. आल्याची छोटी वडी तोंडात धरली तरी पुरते, पण आल्याच्या कॅप्सूल किंवा कोणी पाठवलेले काढे देऊ नका. पपनसही या दिवसांत नको. त्याच्या जातभाईंमुळे काही औषधं रक्तात वाढतात.

दुसरा आठवडा. मळमळ गेली म्हणून घरचे खूष होतात आणि इथेच चूक होते. सातव्या ते चौदाव्या दिवसात जे जाईल ते नीट शिजलेलं आणि ताजं असावं. विहिरीचं पाणी खळखळून उकळल्याशिवाय नाही. कोशिंबीर, कच्चे मोड, रस्त्यावरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा नाही. कालवं, तिसऱ्या बिलकुल नाहीत. अर्धवट शिजलेल्या राहतात आणि त्यातून धोका मोठा असतो. शिळा भात पाण्यात ठेवून सकाळी खायची आपली सवय या आठ दिवसांपुरती बंद. शहाळं द्यायचं तर वरून धुऊन, घरच्या स्वच्छ कोयत्यानं फोडून, तेवढ्याच वेळी प्यायला. सोललेलं फळ चालतं: केळं, पिकलेला आंबा, चिकू.

साखर आणि दुधाबद्दल काकूंना माझा निरोप द्या. साखर शरीरातली प्रत्येक पेशी वापरते, चांगलीही आणि वाईटही, आणि खाण्यातली साखर तोडली तरी शरीर रक्तातली साखर टिकवायला स्वतःचं मांस जाळतं. उपाशी राहून गाठ सुकत नाही, माणूस सुकतो. चार किलो गेलेल्या बाईचं दूध बंद करणं मला अजिबात मान्य नाही. एकच अपवाद: सासूबाईंना मधुमेह असेल, किंवा केमोबरोबर मिळणाऱ्या डेक्सामेथासोनच्या गोळीनं साखर चढत असेल, तर गुळाखिरीचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

आता दोन गोष्टी ज्या अन्नाच्या नाहीत, पण अन्नाला अडवतात. पहिली बद्धकोष्ठता. उलटीसाठी देतात ती ओंडान्सेट्रॉनची गोळी पोट साफ होऊ देत नाही. तीन दिवस शौचाला झालं नसेल तर कितीही चांगली पेज केली तरी ती वरच राहणार. दुसऱ्या दिवशीच कोमट पाणी, पिकलेली पपई, तांबड्या भोपळ्याची मऊ भाजी सुरू करा, आणि डॉक्टरांकडून रेचक मागून ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे उलटीची गोळीच पुरेशी नसणं. दीड महिन्यात ५२ चे ४८ म्हणजे वजनाचा तेरावा भाग गेलाय. हे घरी पेज बदलून एकट्यानं भरून काढायचं नाही, तिसऱ्या केमोच्या आधी डॉक्टरांना हा आकडा सांगायचा. "बरं नाही वाटत" असं सांगू नका. "चार किलो कमी झालं, पाच दिवस दिवसाला इतक्या उलट्या" असं मोजून सांगा. तिथे औषध वाढवण्याची सोय आहे. कदाचित रात्री झोपताना ओलान्झापिनची छोटी गोळी देतील. औषधाच्या दुकानात कोणी म्हणेल ही मानसिक आजाराची गोळी आहे, आणि घरचे ती कपाटात ठेवून देतात. हे मी वारंवार पाहिलंय. ती मळमळीवरही फार चांगली चालते आणि भूकही वाढवते. डॉक्टरांनी दिली तर द्या. ती घेतल्यावर गुंगी येते, म्हणून रात्री मागच्या दारी एकट्या जाऊ देऊ नका.

कोल्हापूरला जाताना घाटाची वळणं आहेत, त्यात आधीच पोट ढवळतं. निघण्याच्या दोन तास आधी घावन किंवा दोन इडल्या, तेल-तिखट नाही. रिकाम्या पोटी नेऊ नका, भरल्या पोटीही नाही. पुढच्या सीटवर बसवा, काच उघडी, आणि डब्यात कोरड्या लाह्या, भाजके पोहे ठेवा. परतीच्या वाटेवर हॉटेलात थांबून तळणीच्या वासात बसवू नका.

ताबडतोब फोन करायचे प्रसंग लक्षात ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त झाला, तर पॅरासिटामोल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री असेल तरी हॉस्पिटलला कळवायचं. चोवीस तास पाणीसुद्धा टिकत नसेल, लघवी गडद आणि थोडी होत असेल, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ते घरच्या पेजेनं भागणारं नाही, सलाईन लागतं. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी खाण्याआधी वजन करून तारखेसकट लिहून ठेवा.

आणि मासा? पंधराव्या दिवसानंतर आणायचा. पण बांगड्याला हात लावू नका, मुडदुशे आणा. आपल्याकडे बाळंतिणीला आणि आजाऱ्याला तो उगाच देत नाहीत. मांस पांढरं, मऊ, बिनतेलकट, वास कमी. दोन मुडदुशे स्वच्छ करून आमसुलाच्या पाण्यात आणि चिमूटभर हळदीत अर्धा तास ठेवा, केळीच्या पानात गुंडाळून वाफवा, पूर्ण शिजू द्या. पान स्वयंपाकघरात उघडा, वाफ जाऊ द्या, काटे तुम्हीच काढा, आणि मऊ भाताच्या कडेला दोन घास ठेवा. विचारू नका, नुसते ठेवा. शंभर ग्रॅम माशात १८-२० ग्रॅम प्रथिनं असतात, पण पहिल्या दिवशी दोन घास गेले तरी वाट मोकळी झाली असं समजा. नाहीच गेले तर ताट उचला, चार दिवसांनी परत.

त्याच आठवड्यात जे जे त्यांना सुचेल ते करा. आत्याला सतराव्या दिवशी पहाटे अचानक कुळथाची पिठी आठवली, आणि आम्ही साडेपाचला चूल पेटवली. हे सहा-सात दिवस पहिल्या दोन आठवड्यांची तूट भरायचे आहेत. तूप, ओला नारळ, शिरवाळ्यांचा रस, दुधाची पावडर घातलेली उकड, हे सगळं आता. दर दोन तासांची सवय मात्र मोडू नका, भूक लागली तरी.

तिसरी केमो झाली की दहाव्या आणि विसाव्या दिवसाचं वजन मला कळवा, आणि त्या दिवशी किती अंडी, किती पेज गेली तेही. औषधाच्या कागदावरची सगळी नावंही लिहा, म्हणजे चौथ्या केमोच्या आधी पुढचं ठरवता येईल.